मयताच्या आईचं नाव

माझी धाकटी बहीण वारली त्याला साडेचार महिने झाले होते. एका रविवारी सकाळी मी वर्ध्याच्या नेट कॅफेत बसले होते आणि तिथं मला तिचा निरोप आला.

शाळेच्या कामासाठी गेले होते मी. आम्हा मास्तरणींना तेव्हा सरकारी कॉम्प्युटर कोर्स सक्तीचा झाला होता. त्या कोर्सच्या नादानं एक मेलचा पत्ता आणि मित्रमैत्रिणींच्या त्या साइटवर एक पान अशी माझी इस्टेट तयार झाली होती. ते पान बहिणीनंच उघडून दिलं होतं. त्यावर एक नवा निरोप होता. शेजारी तिचा तो हिरव्या ओढणीतला फोटो, खाली तिचं नाव, आणि इंग्रजीत एकच ओळ: माझे नवे फोटो पाहिलेस का, इथे दाब.

मी दोन्ही हातांनी टेबल धरलं आणि मोठ्यानं म्हणाले, "हे काय आहे?" सगळे वळून पाहायला लागले.

कॅफेचे मालक पन्नाशीचे होते. टायपिंग इन्स्टिट्यूट बंद पडल्यावर त्याच जागेत त्यांनी कॉम्प्युटर मांडले होते, आणि आम्ही सगळे त्यांना अजूनही सरच म्हणायचो. ते चष्मा वर करत आले. मी म्हटलं, "सर, ही मेली आहे." ते स्क्रीनकडे वाकले. मग हळू म्हणाले, "मॅडम, त्या ओळीले हात नका लावू. व्हायरस हाय तो. कोनाच्या बी खात्यातून आपोआप सगळ्याइले जाते. तिनं नाई पाठवलं."

तिनं नाही पाठवलं हे मलाही कळत होतं. तरी ती ओळ मी पुन्हा वाचली.

बहीण माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आमचं घर आंजीचं, भाजीपाल्याची शेती. बाबा लवकर गेले, मायनं मळा सांभाळला आणि आम्हा दोघींना शिकवलं. मी लग्न होऊन वर्ध्यात आले, आणि ही कॉलेजसाठी रोज एसटीनं वर्ध्याला यायची. याच कॅफेत तिनं मेलचं खातं आणि ते पान उघडलं होतं, अर्थातच आपल्या नावानं. म्हणजे माहेरच्या. मग कारंजा घाडग्याच्या दुकानदारांच्या घरी तिचं लग्न झालं. तांदळाच्या ताटात जावयानं अंगठीनं नवं नाव लिहिलं, पेढे वाटले गेले, आणि ती पाटावर बसली एकीच्या नावानं आणि उठली दुसरीच्या. माझंही तसंच झालं होतं. मला त्याचं काही वाटलं नव्हतं, किंवा वाटलं असेल तर मी ते गिळलं होतं. लग्नाला दीड वर्ष होत नाही तोच तिला ताप आला. कारंज्याहून वर्ध्याच्या दवाखान्यात आणली आणि पाचव्या दिवशी ती गेली.

त्या व्हायरसनं तो निरोप एकट्या मला पाठवला नव्हता. ज्यांच्या ज्यांच्या नावाशी तिचं नाव जोडलेलं होतं, त्या सगळ्यांना पाठवला होता. त्यांत तिच्या सासरचा एक चुलतदीर होता आणि आंजीच्या दोन पोरी होत्या. चार दिवसांत कारंज्याहून फोन आला. दीर म्हणाला, वहिनीचे फोटो इंटरनेटवर फिरतात, आमच्या घराण्याची अब्रू आहे. मी म्हटलं, फोटो कोणते फिरतात ते आधी मला दाखवा, मग अब्रूचं पाहू. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे तोवर सगळ्या सोयऱ्यांना ठाऊक झालेलं होतं.

पण खरा घाव आंजीत बसला. गावात बोललं जाऊ लागलं की मेलेल्या पोरीची चिठ्ठी येते. कुणी म्हणालं, जिवंतच आहे, सासरच्यांनी लपवून ठेवली आहे. ज्या बाईनं स्वतः पोरीला शेवटची अंघोळ घालून पाठवलं, त्या मायच्या तोंडावर हे बोलायची लोकांना हिंमत झाली. मी शनिवारी गेले तेव्हा माय ओट्यावर बसून होती. समोर मेथीची जुडी अर्धी निवडून तशीच पडलेली.

मला पाहून तिनं पहिला प्रश्न विचारला, "काय लिहून राह्यली व ते?"

मी म्हटलं, "कोण?"

"थेच. तुले चिठ्ठी आली म्हणतेत. मले काई विचारलं काय तिनं?"

मी तिला व्हायरस म्हणजे काय ते समजावत होते आणि माझाच आवाज मला परका वाटत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे कोनीबी तिच्या नावानं बोलते. ते बंद कर. माह्या पोरीच्या तोंडून दुसरं कोनी बोलाले नको." तेव्हापासून तिनं रात्रीची भाकर सोडली. बंद झाल्यावर खाईन, म्हणाली. हट्टाच्या बाबतीत मी मायवरच गेले आहे.

मला वाटलं, बंद करायचं म्हणजे काय, बटण दाबायचं. सरांनी विचारलं, "पासवर्ड?" तो तिच्याबरोबर गेला होता. सरांनी त्या साइटचं मदतीचं पान उघडलं आणि एकेक इंग्रजी ओळ वाचून मराठीत सांगत गेले. वारलेल्या माणसाचा पासवर्ड कंपनी कुणालाच देत नाही, आईबापालाही नाही. पण जवळच्या नातेवाइकानं कागद पाठवले तर खातं बंद करते. सरांनी एका पाठकोऱ्या कागदावर यादी लिहून दिली. तिच्या पानाचा पूर्ण पत्ता आणि ते ज्या मेलवर उघडलं तो मेल. मृत्यूचा दाखला. मागणाऱ्याचं ओळखपत्र. मागणाऱ्याचं मयताशी नातं दाखवणारा सरकारी कागद. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं प्रमाणित भाषांतर. आणि त्याच कंपनीचं मेलचंही खातं बंद करायचं असेल तर तिच्या पत्त्यावरून आपल्याला आलेला एखादा मेल, वरच्या एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक ओळींसकट.

"नातं कोनतं दाखवता?" सरांनी विचारलं.

"सख्खी बहीण."

"कागद?"

माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं नवं. तिचंही सगळं नवं. एकाच पोटच्या दोघी, आणि आमच्या आताच्या कागदांत एक अक्षर सारखं नव्हतं. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर म्हणतात, तशातली गत. सर म्हणाले, "मग आईलेच अर्ज करू द्या. जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव असते, आन् मृत्यूच्या दाखल्यावर बी असते. दोन्हीत एक नाव आलं की झालं."

मला ते पटलं. आंजीच्या ग्रामपंचायतीतून जन्माचा दाखला मिळाला, शाळेतून शाळा सोडल्याचा. मायचं निवडणुकीचं ओळखपत्र ट्रंकेत होतं. मृत्यूचा दाखला जावयाकडे होता. मी फोन केला, तर तो दुसऱ्याच दिवशी कारंज्याहून स्वतः घेऊन आला. तो माणूस वाईट नाही. त्या दिवसांत त्याची दाढी वाढलेली, आणि बोलता बोलता तो मध्येच थांबायचा. त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून दाखला काढून माझ्या हातात दिला.

मी वाचला. मयताचं नाव: सासरचं. ते अपेक्षित होतं. पतीचं नाव: त्याचं. आणि मयताच्या आईचं नाव या रकान्यात त्याच्या आईचं नाव.

मी पुन्हा वाचलं. मग बोट ठेवून वाचलं. माझ्या बहिणीची आई म्हणून तिच्या सासूचं नाव सरकारी कागदावर होतं, खाली गोल शिक्का, सही. ज्या बाईनं तिला जन्म दिला ती त्या कागदावर कुठंच नव्हती.

"हे कोणी सांगितलं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

त्यानं दाखला हातात घेतला. मला वाटतं, त्यानं तो तोवर नीट वाचलाच नव्हता.

"दवाखान्यात फॉर्म भरून घेत होते, ताई. तिथल्या कारकुनानं मले विचारलं, आईचं नाव? मी सांगितलं." तो थांबला. "आमच्या घरी आई म्हंजे आईच. तुमची बहीण बी माह्या आईलेच आई म्हणे. तुमच्या आईले तर ते माय म्हणे ना. त्यानं मायचं नाव विचारलं असतं, त मी बरोबर सांगितलं असतं."

त्याला चार शब्द सुनवायचे असं मी ठरवलं होतं. एकही आठवेना. बायकोचं प्रेत आत आहे, बाहेर माणूस उभा आहे, आणि त्याला कुणी विचारतं, आईचं नाव. त्यानं आईचं नाव सांगितलं. आम्ही खेड्यातले, आमच्यात माय. ते जरा बाजारपेठेतले, त्यांच्यात आई. एवढ्या एका शब्दानं माझ्या मायची पोरगी सरकारदरबारी दुसरीची झाली होती. मी त्याला पाणी दिलं आणि मीही प्यायले.

नगर परिषदेच्या जन्म-मृत्यू विभागात आम्ही दोघं मिळून गेलो. तिथला बाबू शांत माणूस होता. त्यानं रजिस्टर उघडून नोंद दाखवली. "खोडता येत नाही," तो म्हणाला. "एकदा झालेली नोंद तशीच राहते. चूक कशी झाली आणि खरं काय, हे माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांनी लिहून द्यावं, पुरावे जोडावेत. खात्री पटली की समासात दुरुस्तीचा शेरा मारतात, आणि नवा दाखला त्या शेऱ्यासकट मिळतो."

"म्हणजे चुकीचं नावही राहणारच?"

"राहणार. बाजूला बरोबर नाव येणार."

मला ते फारच लागलं. माझी माय समासात. पण पर्याय नव्हता. बाबूनं वर हेही दाखवून दिलं की जन्माचा दाखला एका नावाचा आणि मृत्यूचा दुसऱ्या नावाचा आहे, तेव्हा दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्रही लागेल. कंपनीलाही ते लागणारच होतं. कंपनीच्या लेखी माझी बहीण मेलीच नव्हती. जी मेली तिचं खातं नव्हतं, आणि जिचं खातं होतं तिच्या मरणाचा कागद नव्हता.

तेव्हा पुढच्या सोमवारी मायला एसटीनं वर्ध्याला आणलं. कोर्टाच्या आवारात झाडाखाली टायपिस्ट बसतात, त्यातल्या एकाकडे आम्ही बसलो. माय, जावई आणि मी. टायपिस्टनं मजकूर केला आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवायला सुरुवात केली. आम्ही शपथेवर लिहून देतो की, आणि मग बहिणीचं माहेरचं पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट, आणि लग्नानंतरचं नाव, या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मयत झालेली आहे.

"थांबा," माय म्हणाली.

टायपिस्ट थांबला.

"हे नाव काऊन घातलं तिथं?"

"कोनतं, माय?" जावयानं विचारलं. त्यानं तिला माय म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"माह्या पोरीचं. तिच्यापुढं मयत काऊन लिहिलं?"

मग माझ्या ध्यानात आलं. तिरडीपासून तेराव्याच्या पत्रिकेपर्यंत, पेपरातल्या चार ओळींपासून दाखल्यापर्यंत, सगळीकडे सासरचंच नाव होतं. मायनं पाळण्यात ठेवलेलं नाव त्या शब्दाशेजारी आजवर कुणी उच्चारलंच नव्हतं. पाच महिने तिच्यासाठी कारंज्याची सून वारलेली होती. पोरगी आज वारली, झाडाखाली, टायपिस्टच्या तोंडून.

माय रडली नाही. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "खरं हाय. लिहा." ती चौथी शिकलेली आहे. तिनं सही केली, पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं सुटं. तिच्या खाली जावयानं सही केली.

राहिला होता तो मेल. बहिणीनं मला आयुष्यात एकच मेल पाठवला होता, कारण रोज भेटणाऱ्या माणसाला कोण मेल पाठवतं. लग्नाच्या पंधरा दिवस आधीचा होता तो. सरांनी तांत्रिक ओळी कशा उघडायच्या ते दाखवलं, आणि त्यांच्यासमोरच मला तो वाचावा लागला. तिनं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं: ताई, तू मोठी आहेस, तू त्यांना सांग ना, माझं नाव बदलू नका. मला माझं नाव आवडतं. माय हाक मारते तेच राहू दे.

खाली माझं उत्तर होतं. सगळ्यांचंच बदलतं, तू काय आकाशातून पडलीस का, नाटकं करू नकोस.

मला ते आठवतही नव्हतं. मी असं लिहिलं होतं हेच मला खरं वाटेना. सर दुसरीकडे पाहायला लागले. कंपनीला तिचा तेवढा मेल हवा होता, माझं उत्तर नको होतं. मी तेवढाच काढला. लाज कुणाला दाखवायची नसते म्हणून नव्हे, त्यांनी मागितलंच नव्हतं म्हणून. पण घरी जाईपर्यंत मी स्वतःला जे जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिनं मागितलं होतं ते मी होऊ दिलं असतं, तर निदान मेल्यावर तरी ती एकच बाई राहिली असती.

शेऱ्यासकट दाखला मिळायला तीन आठवडे गेले. मग भाषांतरं झाली, नोटरीचे शिक्के झाले, आणि सरांनी सगळं स्कॅन करून पाठवलं. अर्जदार: माय. नातं: आई. आठवडाभरानं कंपनीचं उत्तर आलं, एका कागदाची प्रत पुसट आहे, पुन्हा पाठवा. पाठवली. त्यानंतर सहा दिवसांनी दुसरं आलं, चार ओळींचं. आपल्या दुःखात सहभागी आहोत, दोन्ही खाती काढून टाकली आहेत.

मायला प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय ती मानणार नव्हती. मी तिला कॅफेत नेलं. बहिणीच्या पानाचा पत्ता टाकला, आणि असं पान नाही, अशी इंग्रजी ओळ आली. हिरवी ओढणी नाही, नाव नाही. माय स्क्रीनवर हात ठेवून म्हणाली, "इथं होती?"

"हो."

"आता कोनी नाई बोलनार तिच्या तोंडून?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले. उठता उठता मात्र माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "तुया सासरी माहं नाव कोनाले मालूम हाय काय व?"

मी म्हटलं, "असं कसं बोलतेस माय, असणारच की." ती हसली. त्या रात्री तिनं भाकर खाल्ली, हे मला शेजारणीकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा दुकानातून जेवायला आला होता. जेवण झाल्यावर मी चहा ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझ्या मायचं नाव काय हो?"

"हे काय विचारनं झालं?" ते म्हणाले. "आत्याबाई."

"ते नातं झालं. नाव."

ते हसले. मग आठवायला लागले. तेरा वर्षांचा संसार, दर दिवाळीला आंजी, दर उन्हाळ्यात मायच्या मळ्यातली वांगी. त्यांची नजर भिंतीवर, कॅलेंडरवर, मग माझ्यावर आली, आणि हसू विरलं. बहिणीच्या नवऱ्यावर मी तोंड टाकायला निघाले होते, आणि इथं माझ्याच घरात तोच रकाना रिकामा होता.

"पत्रिकेवर होतं ना," ते हळूच म्हणाले.

"माझा फॉर्म भरायची वेळ आली तर तुम्हालाच विचारतील," मी म्हटलं.

त्यांनी कप खाली ठेवला. खिशातून दुकानाची डायरी काढली, मागचं कोरं पान उघडलं आणि म्हणाले, "सांग." मी मायचं नाव सांगितलं. त्यांनी लिहिलं. मग मान वर न करता म्हणाले, "तुहं बी सांग. आधीचं."

मी सांगितलं, आणि त्यांनी मला विचारलं, यात वेलांटी पहिली की दुसरी.